करवंटीचा कोळसा, दुहेरी थर आणि उतरते व्होल्टेज

ॲल्युमिनिअमचे एक नळकांडे. उंची सुमारे १४ सेंटिमीटर, व्यास ६ सेंटिमीटर, वजन अर्धा किलो. अंगावर दोनच महत्त्वाचे आकडे छापलेले असतात : २.७ व्होल्ट आणि ३००० फॅरड. घरातल्या छताच्या पंख्यात जो कंडेन्सर असतो त्यावर बहुधा २.५ मायक्रोफॅरड लिहिलेले आढळते. म्हणजे या नळकांड्याची धारकता पंख्याच्या कंडेन्सरच्या १२० कोटी पट आहे. हा सुपरकपॅसिटर. पवनचक्कीच्या पात्यांचा कोन बदलणाऱ्या यंत्रणेत, बसमध्ये, क्रेनमध्ये असे सेल डझनांनी एकत्र जोडलेले असतात.

धारकतेचा आकडा डोळे दिपवणारा असला तरी एवढ्या नळकांड्यात मावणारी ऊर्जा ३ वॉट-तास भरते. भिंतीवरच्या घड्याळात घालतो त्या २५ ग्रॅमच्या अल्कलाइन पेन्सिल सेलमध्येही साधारण तेवढीच असते. फरक पडतो तो देण्याघेण्यात. पेन्सिल सेल एक-दोन अँपिअरला धापा टाकू लागतो, आणि संपला की संपला. हे नळकांडे शंभर अँपिअर सहज देते, काही मिनिटांत पुन्हा भरते आणि भरण्या-रिकामे होण्याची सुमारे दहा लाख आवर्तने सोसते. मात्र वीज काढू लागताच त्याचे व्होल्टेज उतरायला लागते आणि शून्यापर्यंत उतरतच जाते. बॅटरीची सवय असलेल्या माणसाला हा बिघाड वाटतो. तो बिघाड नाही. वीज जिथे आणि जशी साठवलेली आहे, त्याचा तो थेट परिणाम आहे.

नळकांडे कापून उलगडले तर आत काळ्या पट्ट्यांची घट्ट गुंडाळी निघते. ॲल्युमिनिअमच्या पातळ वर्खावर दोन्ही बाजूंनी कोळशाचा थर दिलेला असतो. अशा दोन पट्ट्या, त्यांच्यामध्ये कागदासारखा सच्छिद्र विभाजक, आणि सगळे एका क्षारयुक्त सेंद्रिय द्रवात भिजलेले. हा कोळसा चुलीतला नव्हे. उत्तम प्रतीचा बराचसा कोळसा नारळाच्या करवंटीपासून बनतो. करवंटी हवेविना जाळून कोळसा करतात, मग खूप तापवून त्यावर वाफ सोडतात. वाफ कार्बनचे अणू कुरतडत आत शिरते आणि मागे नॅनोमीटरच्या मापाची भोके आणि बोगदे राहतात. अशा एका ग्रॅम कोळशाचा आतला-बाहेरचा पृष्ठभाग मोजला तर तो दीड हजार चौरस मीटर किंवा त्याहूनही जास्त भरतो. जमिनीच्या हिशेबात पंधरा गुंठे, एका ग्रॅममध्ये!

कोकणात किंवा केरळात करवंटीचा हा कठीणपणा सर्वांच्या हाताला माहीत असतो. त्या घट्ट रचनेमुळेच तिच्या कोळशात फार बारीक भोके मोठ्या संख्येने तयार होतात. इथे नेमकी तीच हवी असतात.

आता या दोन पट्ट्यांना चार्जर जोडला की काय होते? चार्जर एका पट्टीतून इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि बाहेरच्या तारेतून दुसऱ्या पट्टीत ढकलतो. ज्या कोळशावर इलेक्ट्रॉन जादा झाले त्याच्या पृष्ठभागाकडे द्रवातले धन आयन धाव घेतात. ज्याच्यावर कमी पडले त्याच्याकडे ऋण आयन. पण हे आयन कोळशात घुसत नाहीत, त्याच्याशी संयोगही पावत नाहीत. ते पृष्ठभागाला जेवढे जवळ येता येईल तेवढे येऊन थांबतात. भिंतीच्या अलीकडे आयनांची एक रांग, पलीकडे कोळशातल्या विरुद्ध प्रभाराची दुसरी. मधले अंतर एक नॅनोमीटरपेक्षाही कमी, म्हणजे द्रवाच्या एखाद-दुसऱ्या रेणूएवढे. याला दुहेरी थर म्हणतात.

या थराचे पहिले चित्र जर्मन शास्त्रज्ञ हर्मान हेल्महोल्ट्झ यांनी १८५३ मध्ये मांडले. पुढे गुई आणि चॅपमन यांनी दाखवले की उष्णतेमुळे आयन असे शिस्तीत उभे राहत नाहीत, थोडे विखुरतात. १९२४ मध्ये ऑटो स्टर्न यांनी दोन्ही चित्रे जोडली : भिंतीलगत घट्ट थर, त्यापुढे विरळ होत जाणारा ढग. वापरात आणण्याची वेळ मात्र उशिरा आली. जनरल इलेक्ट्रिकमधले हॉवर्ड बेकर यांना सच्छिद्र कार्बनचे विद्युतअग्र वापरलेल्या कपॅसिटरचे पेटंट १९५७ मध्ये मिळाले. वीज कार्बनच्या भोकांमध्ये साठते असे त्यांचे मत होते. एवढी प्रचंड धारकता नेमकी कशाने येते हे तेव्हा स्पष्ट नव्हते.

कारण खरे तर साध्या नियमात आहे. कपॅसिटरची धारकता पृष्ठभागाबरोबर वाढते आणि दोन प्रभारांमधले अंतर कमी झाले की आणखी वाढते. पंख्याच्या कंडेन्सरमध्ये दोन धातूंच्या थरांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो, काही मायक्रोमीटर जाडीचा. इथे त्याची जागा रेणूएवढ्या अंतराने घेतली आहे, शिवाय पृष्ठभाग गुंठ्यांत आहे. दोन्ही टोके एकाच वेळी ताणली गेल्यामुळे आकडा मायक्रोफॅरडवरून हजारो फॅरडवर गेला.

भोके जितकी बारीक तितका पृष्ठभाग जास्त. पण आयन एकटा फिरत नाही, त्याच्याभोवती द्रवाच्या रेणूंचे कवच असते. त्यामुळे एक नॅनोमीटरहून लहान भोके वाया जाणार असे बराच काळ धरले जाई. २००६ मध्ये यूरी गोगोत्सी आणि पात्रिस सिमों यांच्या गटांनी मोजून दाखवले की उलटेच घडते. भोक एक नॅनोमीटरच्या खाली गेले की धारकता वाढते. आयन आपले कवच काही प्रमाणात उतरवून आत शिरतो आणि भिंतीच्या आणखी जवळ येतो. निव्वळ पृष्ठभाग वाढवत राहण्याऐवजी भोकाचे माप आयनाशी जुळवण्याकडे संशोधकांचे लक्ष त्यानंतर वळले.

व्होल्टेजचे कोडे इथूनच सुटते. चार्जिंग सुरू करताना कोळसा निष्प्रभार असतो. पहिला इलेक्ट्रॉन विनासायास जातो. दुसऱ्याला पहिल्याच्या प्रतिकर्षणाला तोंड द्यावे लागते, लाखाव्याला आधीच्या साऱ्यांच्या. आयन समोर येऊन बराचसा तोल सावरतात, पण पूर्ण नाही. प्रत्येक नव्या इलेक्ट्रॉनला आत ढकलायचा खर्च आधीच्या गर्दीच्या प्रमाणात वाढत जातो. व्होल्टेज म्हणजे दुसरे काय, तर प्रभाराच्या एका मापामागे द्यावी लागणारी ऊर्जा. म्हणून प्रभार जितका भरला तितके व्होल्टेज चढते, जितका काढला तितके उतरते. सूत्र एका ओळीचे आहे, Q = CV.

सरळ भिंतींचे एक पिंप घेऊन हे नीट ताडून पाहता येते. तळाला तोटी आहे. पाणी म्हणजे प्रभार, पाण्याची पातळी म्हणजे व्होल्टेज आणि पिंपाच्या तळाचे क्षेत्रफळ म्हणजे फॅरड. तोटीतून ठरावीक वेगाने पाणी काढले तर पातळी ठरावीक वेगाने खाली जाते. पिंप रुंद असेल तर सावकाश, अरुंद असेल तर भराभर. आणि एक बारीक गोष्ट : वरचे अर्धे पाणी खालच्या अर्ध्यापेक्षा जास्त उंचावर असते, त्यामुळे त्यात ऊर्जाही जास्त असते. किती जास्त? तिप्पट.

बॅटरीत असे का होत नाही? लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल घ्या. तो भरल्यापासून जवळजवळ रिकामा होईपर्यंत ३.२ ते ३.३ व्होल्टच्या आसपास रेंगाळतो. त्यात लिथियम पृष्ठभागावर न थांबता स्फटिकाच्या आत जाऊन बसते आणि एका पदार्थाचा दुसरा पदार्थ होतो. रिकामा पदार्थ आणि भरलेला पदार्थ शेजारी शेजारी असतात, त्यांचे प्रमाण तेवढे बदलत जाते. प्रत्येक नव्या लिथियम आयनासाठी रासायनिक क्रिया तीच, म्हणून तिची किंमतही तीच. शेवटी एक पदार्थ संपत आला की व्होल्टेज कोसळते. सुपरकपॅसिटरमध्ये पदार्थ बदलतच नाही, फक्त गर्दी कमीजास्त होते. लाखो आवर्तनांनंतरही तो टिकतो त्याचे कारण हेच आणि त्याचे व्होल्टेज स्थिर न राहण्याचे कारणही हेच. एक गुण ठेवून दुसरा टाळता येत नाही.

आता आपले ३००० फॅरडचे नळकांडे प्रयोगाच्या टेबलावर ठेवू. २.७ व्होल्टपर्यंत पूर्ण भरलेले. त्याला अशी यंत्रणा जोडू की जी व्होल्टेज काहीही असो, नेमका ३० अँपिअरचा प्रवाह खेचेल. ३० ला ३००० ने भागले की उत्तर येते ०.०१, म्हणजे दर सेकंदाला व्होल्टचा शंभरावा भाग कमी. मीटर दहा सेकंदांनी २.६ दाखवतो, वीस सेकंदांनी २.५, तीस सेकंदांनी २.४. १३५ व्या सेकंदाला व्होल्टेज बरोबर निम्मे, १.३५. २७० व्या सेकंदाला शून्य. कागदावर आलेख काढला तर पट्टीने ओढल्यासारखी रेघ उतरताना दिसते.

बारकाईने पाहिले तर रेघेच्या सुरुवातीला एक छोटी पायरी असते. प्रवाह सुरू होताक्षणी व्होल्टेज एकदम किंचित घसरते. कारण कोळसा, वर्ख आणि द्रव यांचा मिळून अंतर्गत रोध असतो. या आकाराच्या सेलमध्ये तो एका मिलिओहमच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा असतो. ३० अँपिअरला पायरी जेमतेम १० मिलिव्होल्टची येते. प्रवाह थांबला की पायरी परत वर येते. पण त्यानंतरही व्होल्टेज हळूहळू थोडे आणखी चढत राहते. खोल, अरुंद भोकांमधले आयन मागे राहिलेले असतात. तिथला प्रभार आता उरलेल्या पृष्ठभागावर वाटला जातो. चढणे थांबायला मिनिटे लागतात, कधी तासही.

ही पायरी आणि रेघेचा उतार या दोन गोष्टींवरून सेलची तब्येत समजते. कारखान्यात साधारण नियम असा की धारकता मूळच्या ८० टक्क्यांवर आली किंवा अंतर्गत रोध दुप्पट झाला की सेलचे आयुष्य संपले असे धरायचे. आपल्या सेलची धारकता २४०० फॅरडवर आली तर निम्म्या व्होल्टेजवर पोचायला १३५ ऐवजी १०८ सेकंद लागतील. एक ठरावीक प्रवाह, एक मीटर आणि एक घड्याळ असले की निदान होते. सपाट व्होल्टेजच्या बॅटरीत किती वीज उरली आहे हे व्होल्टेजवरून ओळखणे अवघड जाते. इथे मीटरचा काटा सरळ उत्तर देतो.

प्रयोगात प्रवाह कायम ठेवला होता. प्रत्यक्षात यंत्रांना प्रवाह नव्हे, शक्ती कायम लागते. मोटर, रेडिओ, संगणक, सगळ्यांचेच असे. समजा याच सेलवर २७ वॉटचे उपकरण चालवायचे आहे. सुरुवातीला २.७ व्होल्टला १० अँपिअर पुरतात. व्होल्टेज निम्मे झाले की २० अँपिअर काढावे लागतात. ०.२७ व्होल्टला तर १००. व्होल्टेज उतरले म्हणून प्रवाह वाढवायचा आणि प्रवाह वाढला म्हणून ते आणखी वेगाने उतरायचे. सरळ रेघेची आता घसरगुंडी होते, शेवटाकडे कड्यासारखी. अंतर्गत रोधात वाया जाणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, हे वेगळेच.

यावर अभियंत्यांनी केलेली तडजोड समंजस आहे. सेलमधली ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गावर अवलंबून असते, ½CV². पिंपातल्या वरच्या अर्ध्या पाण्याचा हिशेब इथे उपयोगी पडतो : व्होल्टेज निम्मे होईपर्यंत ७५ टक्के ऊर्जा बाहेर आलेली असते. आपल्या सेलमध्ये एकूण १०,९३५ ज्यूल मावतात, त्यातले सुमारे ८,२०० मिळतात. २७ वॉटचे उपकरण त्यावर पाच मिनिटे चालते. उरलेल्या २५ टक्क्यांसाठी दुप्पट-चौपट प्रवाह पेलणारी जाड यंत्रणा बांधण्यापेक्षा ते सोडून देणे परवडते. म्हणून बहुतेक ठिकाणी निम्म्या व्होल्टेजला थांबतात. आणि मधे एक कन्व्हर्टर बसवतात, जो उतरते व्होल्टेज आत घेऊन बाहेर स्थिर व्होल्टेज देतो. कन्व्हर्टर न लावता, व्होल्टेज १० टक्क्यांहून जास्त उतरलेले न खपणारे उपकरण थेट जोडले तर फक्त १९ टक्के ऊर्जा कामी येते. बाकी ८१ टक्के सेलमध्येच अडकून राहते. बॅटरी काढून त्या जागी सुपरकपॅसिटर लावणाऱ्या हौशी मंडळींची सगळ्यात मोठी निराशा इथे होते.

ऊर्जा वर्गाने वाढते तर मग व्होल्टेजच वाढवावे असे कुणालाही वाटेल. तिथे द्रव आडवा येतो. पाण्यातल्या द्रावणाला सव्वा व्होल्टच्या आसपास नेले की पाण्याचेच विघटन सुरू होते. म्हणून ॲसिटोनायट्राइलसारखे सेंद्रिय द्रव वापरतात, ते २.७ व्होल्टपर्यंत टिकतात. त्यापुढे गेले की द्रवाचे विघटन होऊन वायू तयार होतो, नळकांडे फुगते, आणि दाब वाढला तर त्यावरचे सुरक्षा-छिद्र उघडते. उष्णतेचाही तडाखा बसतो. ढोबळ नियमाने तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते.

जास्त व्होल्टेजसाठी सेल एकापुढे एक जोडतात. १८ सेल जोडले की ४८.६ व्होल्ट मिळतात, पण धारकता अठरा पटीने घटून सुमारे १६७ फॅरडवर येते. आणि एक धोका जन्माला येतो. सगळ्यांतून प्रभार सारखाच वाहतो, म्हणून ज्या सेलची धारकता कमी त्याचे व्होल्टेज जास्त चढते. अठरातला एकच सेल १० टक्क्यांनी कमजोर निघाला तर तो २.९८ व्होल्टवर जातो, बाकीचे २.६८ वर. मीटरवर बेरीज बरोबर ४८.६ दिसते आणि आत एक सेल मर्यादेबाहेर राबत असतो. तो आणखी कमजोर होतो, मग आणखी वर चढतो. म्हणून प्रत्येक सेलवर नजर ठेवून जादा प्रभार बाजूला वळवणारी समतोलाची मंडले बसवावी लागतात. अशा घटमालेत बिघाड शोधताना एकूण व्होल्टेज पाहून उपयोग नाही, प्रत्येक सेल वेगळा मोजायला हवा.

हे सगळे गणित रस्त्यावर उतरलेले पाहायचे तर शांघायकडे जावे लागते. ऑगस्ट २००६ मध्ये तिथल्या ११ क्रमांकाच्या मार्गावर सुपरकपॅसिटरवर चालणाऱ्या बस सुरू झाल्या. थांब्यावर बस उभी राहिली की टपावरची जोडदांडी वर उठून थांब्याच्या विद्युतवाहिनीला टेकते आणि प्रवासी चढ-उतार करेपर्यंत चार्जिंग होते. ब्रेक लावताना मोटर उलट काम करून वीज परत सेलमध्ये भरते. दर किलोला सुमारे ६ वॉट-तास या हिशेबाने एक टन सेलमध्ये ६ किलोवॉट-तास मावतात. निम्म्या व्होल्टेजपर्यंतच वापरायचे तर साडेचार हाती येतात. शहरातली विजेवरची बस किलोमीटरला साधारण एक किलोवॉट-तास खाते. म्हणजे चार-पाच किलोमीटरची मजल. दोन-तीन थांबे गेले की पुन्हा भरणे आलेच.

लांब पल्ल्याच्या गाडीला हे कधीच पुरणार नाही. पण ठरलेला मार्ग, जवळजवळचे थांबे आणि दर थांब्याला अर्धा-एक मिनिट, एवढे मिळाले की याच सेलचा दहा लाख आवर्तनांचा गुण कामी येतो. दिवसाला शंभर वेळा भरले-रिकामे केले तरी ती आवर्तने संपायला सत्तावीस वर्षे लागतील. प्रत्यक्षात त्याआधीच उष्णतेने आणि वयाने सेल थकतो.

असा मोठा सेल कधी हाताळायची वेळ आली तर एक गोष्ट कटाक्षाने पाळा. भरलेल्या सेलच्या दोन टोकांना पाना किंवा तार लागली तर क्षणात हजारो अँपिअर वाहतात, धातू वितळतो. तो योग्य रोधातून सावकाश रिकामा करा, आणि मीटरने शून्य दाखवले की लगेच सोडून देऊ नका. भोकांमधला राहिलेला प्रभार पृष्ठभागावर येऊन व्होल्टेज पुन्हा चढते. म्हणून रिकामे सेल नेताना आणि साठवताना दोन्ही टोके तारेने जोडून ठेवतात. ती तार काम सुरू करेपर्यंत काढू नका.